कोणती वेळ ठेवू?

कोथरूडच्या एका डिझाइन ऑफिसातून भोसरीच्या कारखान्याला गेलेली ही मेल. फिक्स्चरचा नमुना तयार झाला होता, तो बघायला जायचं होतं.

“सर, नमस्कार. नमुना झाल्याचं फोनवर कळलं, आनंद झाला. एकदा प्रत्यक्ष बघून घ्यावा म्हणतोय. सोमवारी आलो असतो, पण आमच्याकडे ऑडिट आहे. मंगळवारी सकाळी बँकेत काम आहे, दुपारनंतर मोकळा आहे. बुधवारीही चालेल, पण पाऊस असला तर नाशिक फाट्याला अडकायला होतं. गुरुवारी तुम्हाला सुट्टी असते ना? आमचे साहेबही येतो म्हणतायत, त्यांचं अजून नक्की नाही. ड्रॉइंगमधले दोन बदल झाले का? तर तुम्हाला कधी सोयीचं पडेल ते कळवावं, त्याप्रमाणे बघू.”

मेल सभ्य आहे, खोटं काही नाही. पण ती वाचणारा माणूस मशीनजवळ उभा आहे, हाताला तेल लागलेलं आहे आणि मेल तो मोबाइलवर बघतो. त्याच्यापुढे तीन प्रश्न येतात. त्यातल्या सोप्याचं उत्तर तो लगेच देतो : “हो सर, ड्रॉइंगमधले बदल झाले.” भेटीची वेळ तशीच राहते. अशी अर्धी उत्तरं यायला लागली की दोष बहुधा आपल्या मेलमध्ये असतो.

ही मेल लांबली कारण लिहिणारा लिहिता लिहिता ठरवत होता. सोमवार नको, मंगळवार अर्धा, बुधवार बघू, हा त्याच्या मनातला हिशोब जसाच्या तसा कागदावर उतरला. म्हणून छाटणीच्या आधी एक काम असतं : आपल्या बाजूचं पक्कं करणं. साहेब येणार का, हे त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारायचं; ते भोसरीला कळवायची गरज नाही. भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी साधारणपणे गुरुवारी असते, तेव्हा तो दिवस मुळात धरायचाच नाही.

मग प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी : हे वाचून समोरच्याचं उत्तर बदलेल का? ऑडिट, बँक, नाशिक फाटा यांनी बदलत नाही. किती जण येणार आणि किती वेळ लागणार यांनी बदलतं, कारण त्याला नमुना मांडून ठेवायचा आहे, माणूस मोकळा करायचा आहे. पहिल्या मेलमध्ये नेमकं हेच नव्हतं. उरलं ते असं :

विषय : नमुना पाहणी, मंगळवार 4 की बुधवार 5 ऑगस्ट?

सर, नमस्कार. नमुना झाल्याचं कळलं, आनंद झाला.
तो बघायला आम्ही दोघं येतो. साधारण तासभर लागेल.
मंगळवार, 4 ऑगस्ट, दुपारी 3
किंवा बुधवार, 5 ऑगस्ट, सकाळी 11.
शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावं.
यातली कोणती वेळ ठेवू?

“आनंद झाला” मी मुद्दाम राहू दिलं. त्या माणसाने काम वेळेत केलं आहे आणि ते कुणीतरी म्हणायला हवं. छाटताना आधी हेच वाक्य कापलं जातं, मग मेल हुकमासारखी वाचली जाते. वारासोबत तारीख हवीच, कारण “पुढच्या मंगळवारी” म्हटलं की हा मंगळवार की त्यानंतरचा, यावरून घोळ होतो. शेवटचा प्रश्न असा, की “बुधवार” एवढं टाइप केलं तरी काम होतं. “कधी सोयीचं पडेल?” ला तसं उत्तर देता येत नाही, त्यासाठी त्याला स्वतःचा आठवडा उघडून बसावं लागतं, म्हणून ती मेल रात्रीवर जाते आणि रात्री राहून जाते. ड्रॉइंगचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या विषयासह वेगळ्या मेलने जावा.

हा “हे की ते” प्रश्न दोघांतच चांगला चालतो. सोसायटीच्या कमिटीत सात जणांना “शनिवार की रविवार?” विचारलं आणि चौघांनी शनिवार म्हटलं, तर बाकीच्या तिघांना शनिवारी जमतच नाही की रविवार फक्त जास्त आवडतो, हे कळत नाही. शनिवार ठरतो, आणि खजिनदार त्या दिवशी नेमके गावी असतात. तिथेही प्रश्न एकच ठेवावा, पण उलटा : “या दोन्हींपैकी कोणत्या वेळी तुम्हाला अजिबात जमणार नाही?”