फौंड्रीतील दोन सिलिंडर आणि आदर्श वायूची मर्यादा

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांमध्ये ऑक्सिजन धातू कापण्यासाठी, तर कार्बन डायऑक्साइड सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर कडक करण्यासाठी वापरला जातो. ऑक्सिजन खर्च होईल तसतसा दाबमापकाचा काटा जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतो. कार्बन डायऑक्साइडचा काटा मात्र, तापमान स्थिर असल्यास, बहुतेक माल संपेपर्यंत जागचा हलत नाही, आणि म्हणून त्यातील शिल्लक वजन करूनच ठरवावी लागते.

क्लाउझियसने 1857 मध्ये आणि पुढे मॅक्सवेलने मांडलेल्या गतिज सिद्धांतानुसार वायूचे रेणू अखंड धावत असतात आणि भिंतींवरील त्यांच्या आघातांतून दाब निर्माण होतो. आदर्श वायूचा नियम या चित्रातून निघतो, पण त्यासाठी दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: रेणूंना स्वतःचे आकारमान नसते आणि त्यांच्यात परस्पर आकर्षण नसते. वायू विरळ आणि उष्ण असेपर्यंत दोन्ही गृहीतके निभावतात.

45 लिटरच्या सिलिंडरमध्ये 30 किलो कार्बन डायऑक्साइड भरला, तर 27 अंश सेल्सिअसला आदर्श नियमाप्रमाणे दाब सुमारे 378 बार यायला हवा. प्रत्यक्षात तो 67 बारच्या आसपास असतो. येथे एका मोलच्या वाट्याला जेमतेम 66 मिलिलिटर जागा येते आणि व्हॅन डर वाल्सने 1873 मध्ये सुचवलेल्या दुरुस्तीप्रमाणे त्यातील सुमारे 43 मिलिलिटर रेणूंच्या आकारमानामुळेच वजा होते. केवळ एवढाच विचार केला, तर दाब 1000 बारच्याही वर जाईल. तो उलट इतका खाली येतो, याचे श्रेय आकर्षणाला द्यावे लागते, कारण जवळ आलेले रेणू एकमेकांना मागे ओढतात आणि वेग पुरेसा नसल्यास त्या ओढीतून सुटू न शकणारे रेणू द्रवरूप होतात. द्रव शिल्लक असेपर्यंत निघून गेलेल्या वाफेची जागा नवी वाफ घेते, म्हणून काटा स्थिर राहतो. व्हॅन डर वाल्सचे पूर्ण समीकरण येथे सुमारे 235 बार सांगते. कारणे त्याने अचूक ओळखली, परंतु इतक्या दाटीत त्याचे स्थिरांक अपुरे पडतात.

ज्या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही, त्याला क्रांतिक तापमान म्हणतात. ऑक्सिजनसाठी ते उणे 118 अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे कारखान्यात त्याच्या रेणूंची गती आकर्षणाला पुरून उरते आणि 150 बारलाही आदर्श नियमाची चूक काही टक्क्यांचीच राहते. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान मात्र 31 अंश, म्हणजे कोल्हापूरच्या उन्हाळ्यात सहज ओलांडले जाणारे आहे. उन्हात ठेवलेले तेच सिलिंडर 40 अंशांपर्यंत तापले, तर द्रव आणि वाफ यांतील भेद उरत नाही आणि दाब 100 बारच्या वर जातो. आदर्श नियमाने या 13 अंशांसाठी जेमतेम 16 बारची वाढ दिली असती. प्रत्यक्षात ती दुपटीहून अधिक असते, कारण वेग वाढलेल्या रेणूंवर आकर्षणाची पकड पूर्वीसारखी राहत नाही आणि त्यांना पसरायला मोकळी जागा मात्र उरलेली नसते.