पाच बारांचा पाया

ब्रॅम्सच्या ‘हायडनच्या विषयावरील व्हेरिएशन्स’ची फक्त मूळ धून ऐका आणि थांबा. पुढचं लगेच ऐकू नका.

ही रचना ब्रॅम्सने १८७३ च्या उन्हाळ्यात दक्षिण जर्मनीतल्या टुट्झिंग या तळ्याकाठच्या गावी लिहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्नात स्वतः संचालन करून सादर केली. धून संत अँथनीच्या नावाने ओळखली जाते. हायडनची म्हणून ती ब्रॅम्सच्या हाती आली, पण बहुधा ती हायडनची नाही. आपल्या मननासाठी ही रचना निवडण्याचं कारण वेगळं आहे. एकच धून घेऊन ती बदलत नेण्याच्या दोन जुन्या रीती इथे एकापाठोपाठ एक येतात. आधी आठ सुटी व्हेरिएशन्स, आणि शेवटी पासाकालिया, म्हणजे खालच्या स्वरांची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि वरचं सगळं बदलत जातं. रचनाकार तोच, धून तीच, सूरही तोच. त्यामुळे जो फरक जाणवेल तो केवळ रीतीचा.

आता ती धून मनातल्या मनात म्हणून पाहा. ओबो आणि बसून ती संथपणे मांडतात. पाश्चात्त्य लेखनात मात्रांच्या एका छोट्या गटाला बार म्हणतात, आणि बहुतेक धुनांचे तुकडे चार-चार बारांचे असतात. इथे पहिला तुकडा पाच बारांचा आहे, दुसराही पाचाचाच. चारावर पूर्ण होईल असं कानाला वाटतं आणि धून एक पाऊल आणखी चालते. तेवढ्यामुळे तिला एक निवांत भारदस्तपणा येतो. मग मधला भाग येतो, सुरुवातीची आठवण परत येते आणि शेवटी सा-चा एकच स्वर टोल पडावेत तसा पुन्हा पुन्हा वाजतो. पुनरावृत्ती सोडल्यास सगळी मिळून २९ बारांची ही धून आहे. तिला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. ती पूर्ण होते. ही पूर्णता लक्षात राहू द्या.

आता पहिलं व्हेरिएशन ऐका. धून कुठे गेली म्हणून शोधू नका, सापडायची नाही. धुनेच्या शेवटी वाजलेला तो टोलासारखा स्वर मात्र इथे पहिल्या क्षणापासून हजर आहे. त्याच्याभोवती तंतुवाद्यांच्या दोन ओळी एकमेकींना छेदत वर-खाली जातात. शेवटचं शेपूट उचलून ब्रॅम्सने त्यातूनच नवी सुरुवात केली आहे.

पुढची व्हेरिएशन्स ऐकताना एकच प्रश्न सोबत ठेवा: काय सोडलं आणि काय ठेवलं? दुसऱ्यात मेजर सोडून मायनर आलं. चौथ्यात दोनाची चाल जाऊन तिनाची आली आणि वेग मंदावला. सहाव्यात हॉर्न शिकारीच्या उत्साहाने पुढे होतात. सातव्यात झुलती, हळुवार लय आहे. आठव्यात तंतुवाद्यं आवाज दाबून, कुजबुजत, घाईने पळतात. मूळ धुनेचा एकही ओळखीचा चेहरा तिथे उरत नाही. पण पाच बारांचा तो तुकडा मोजून पाहा, तो टिकलेला असतो. धून जिथे वळली होती तिथेच हे संगीत वळतं आणि जिथे विसावली होती तिथेच विसावतं.

या रीतीत व्हेरिएशन घडतं ते सोडण्यातून. धून पुरेशी मोठी आणि पूर्ण असल्यामुळे तिच्यातलं बरंच काही काढून घेता येतं. आधी सुरावट जाते, मग लय, मग वेग, मग मेजरचा उजळपणा. आकार शिल्लक राहतो. नुसते स्वर वाढवून धून नटवणारी व्हेरिएशन्सही पुष्कळ आहेत. त्यांत मूळ चाल सतत कानावर पडते, म्हणून ऐकायला ती सोपी असतात, पण चौथ्या-पाचव्या खेपेला कान थकतो, कारण काहीच सोडलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रत्येक व्हेरिएशन संपतं. धूनच संपणारी असल्यामुळे तिचं प्रत्येक रूपही संपतं आणि मध्ये एक सांधा दिसतो. तो लपवायचा नसतो. उलट, त्याच्यामुळेच सहाव्याच्या हॉर्ननंतर सातव्याचा हळुवारपणा इतका खोल लागतो. कोणतं कुणानंतर ठेवायचं हा रचनाकाराचा मोठा निर्णय असतो.

इथे थोडं थांबा, आणि मग दुसऱ्या रीतीसाठी अगदी वेगळ्या जागी जाऊ. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं इंग्लंड, हेन्री पर्सेलचा ‘डायडो अँड इनियस’ हा ऑपेरा. शेवटाजवळ कार्थेजची राणी डायडो मरणापूर्वीचं गाणं गाते. गाण्याआधी फक्त बेसची ओळ ऐकू येते. ती आपल्या सरगममध्ये म्हणून पाहता येते: सा, मग शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकही पायरी न गाळता, अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारी. पंचमाखाली ती कोमल ग-वर जाते, तिथून म आणि प घेत खालच्या सा-वर टेकते. हेही बरोबर पाच बार. सावकाश, दोन-तीनदा म्हणा. पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

ही ओळ अकरा वेळा वाजते. स्वर तेच, क्रम तोच. म्हणजे ब्रॅम्सच्या व्हेरिएशन्समधली सोडण्याची सोय इथे नाही. मग बदल कुठून येतो? वरचा गळा कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, यातून. बेस सा-वर टेकतो तेव्हा डायडोचं वाक्य अर्ध्यावर असतं. तिचं वाक्य पुरं होतं तेव्हा बेस पुन्हा उतरायला लागलेला असतो. माझी आठवण ठेव, असं ती विनवते तेव्हा पंचमाच्या एकाच स्वरावर थबकलेली असते आणि खालून बेस तिला न विचारता सरकत असतो. पुढे हीच विनवणी वरच्या सा-पर्यंत चढते. खालची ओळ तेव्हाही तीच असते, पण ऐकणाऱ्याला ती वेगळी लागते.

तबल्याचं स्वतंत्र वादन ऐकणाऱ्यांना या दोन्ही रीती ओळखीच्या वाटतील. कायदा मांडून त्याचे पलटे करत जाणं पहिल्या रीतीच्या जवळचं आहे, आणि हार्मोनियमवर किंवा सारंगीवर चाललेला लेहरा दुसरीच्या. पण एक फरक मनात धरून ठेवावा असा आहे. लेहऱ्यावर वाजवणारा सम गाठण्यासाठीच निघालेला असतो. पर्सेलची डायडो बेसच्या समेवर यायचं टाळत राहते आणि त्या टाळण्यातच तिचं दुःख ऐकू येतं.

अशा पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या बेसवर, म्हणजे ग्राउंड बेसवर, लिहिताना घडणारी सर्वांत मोठी चूकही इथेच कळते. प्रत्येक वेळी वरचं वाक्य बेसच्या शेवटाबरोबर संपवलं, की पाच-पाच बारांचे तुकडे ओळीने मांडल्यासारखं होतं. सांधे दिसू लागतात. पहिल्या रीतीत जो सांधा हवा असतो, तो इथे नको असतो. धून मोठी आणि पूर्ण असेल तर तिच्यानंतर थांबणं स्वाभाविक आहे. पाच बारांच्या ओळीनंतर दर वेळी थांबलं तर रचना चालतच नाही. म्हणून ग्राउंड बेसमधली व्हेरिएशन्स एकमेकांत शिरतात, दोन-दोन, चार-चार मिळून एकच चढण करतात. आपण किती आवर्तनं झाली ते विसरतो, आणि तसं विसरणं हे रचना साधल्याचं चिन्ह आहे.

आता ब्रॅम्सकडे परत येऊ. आठवं व्हेरिएशन विरून जातं आणि शेवटचा भाग अगदी हळू, खालच्या तंतुवाद्यांत सुरू होतो. ओळ पाच बारांची. ती आली आहे मूळ धुनेच्या पहिल्या पाच बारांतून. ब्रॅम्सने आठ व्हेरिएशन्सभर जो आकार जपला त्यातला पहिलाच तुकडा काढून घेतला आणि बाकीची धून दूर ठेवली. मधला भाग नाही, विसावा नाही, शेवटचे टोल नाहीत. ओळ संपते आणि पुन्हा सुरू होते.

त्याच्या मनात बेसचं स्थान काय होतं ते आपल्याला माहीत आहे. १८६९ च्या फेब्रुवारीत अॅडॉल्फ शूब्रिंग या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं की व्हेरिएशन्सच्या विषयात त्याला खरा अर्थ जवळजवळ फक्त बेसमध्येच दिसतो आणि त्या पक्क्या जमिनीवर तो आपली रचना उभी करतो. चार वर्षांनी त्याने ती जमीन उघडी करून दाखवली.

हा शेवटचा भाग ऐकताना बेसची ओळ मनात म्हणत राहा. वर काय चाललं आहे याकडे लक्ष ओढलं जाईल. जाऊ द्या, आणि पुन्हा खाली या. बारीक स्वरांची गर्दी वाढत जाते, वाद्यं भरतात, आणि कोणतं व्हेरिएशन कुठे संपलं हे सांगता येत नाही. मग सूर मायनरकडे वळतो आणि ती ओळ तळातून निघून वरच्या वाद्यांकडे येते. इतका वेळ जी जमीन होती ती आता सुरावट म्हणून ऐकू येते. पुढे मेजर परततो, ट्रँगलचा किणकिणता आवाज या रचनेत प्रथमच ऐकू येतो, आणि पूर्ण वाद्यवृंद मूळ धून घेऊन उभा राहतो.

या क्षणी जो मोकळेपणा वाटतो त्याचं कारण सांगता येतं. बराच वेळ आपण त्या पाच बारांत फिरत होतो आणि धुनेला पुढे जाऊ दिलेलं नव्हतं. सुट्या व्हेरिएशन्समध्ये असा मोकळेपणा इतक्या जोरात येऊ शकत नाही, कारण तिथे धून दर वेळी आपल्या आकारात पूर्ण होते, विसावते. आठ व्हेरिएशन्स विविधता देतात, शेवटचा भाग साठा करतो. माझ्या मते या रचनेचं खरं वजन या शेवटच्या भागातच आहे. पण आधीची आठ ऐकल्याशिवाय ते कळत नाही, कारण कशाला अडवून ठेवलं होतं तेच ठाऊक नसतं.

बारा वर्षांनी ब्रॅम्स याच वाटेने आणखी पुढे गेला. १८८५ मध्ये सादर झालेल्या त्याच्या चौथ्या सिंफनीचा संपूर्ण शेवटचा भाग आठ बारांच्या एकाच ओळीवर उभा आहे आणि तिची ३० व्हेरिएशन्स न थांबता एकापाठोपाठ एक येतात.