पाहिजे : राईस मिलसाठी अकाउंटंट

"राईस मिलसाठी अनुभवी, मेहनती व प्रामाणिक अकाउंटंट पाहिजे. पगार योग्यतेनुसार. प्रगतीची उत्तम संधी. त्वरित भेटा." तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली या भागात दिवाळीच्या आसपास अशी जाहिरात पेपरात किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हटकून दिसते. वाचणाऱ्याला तिच्यातून कळते ते एवढेच, की मिलमध्ये माणूस नाही आणि मालक घाईत आहे. मेहनती किती, प्रामाणिक कशात, संधी कसली आणि मुख्य म्हणजे पैसे किती, यातले काहीच कळत नाही. फोन मात्र ढिगाने येतात. पहिला प्रश्न पगाराचा असतो, आकडा ऐकला की निम्मे फोन ठेवतात. जो येतो तो चार महिन्यांत जातो, आणि पुढच्या वर्षी तीच जाहिरात पुन्हा निघते.

पूर्वी याला एक कारण होते. छोट्या जाहिरातीत शब्दामागे पैसे पडत, म्हणून चार ओळींत आटोपायचे. आता ग्रुपवर कितीही लिहा, फुकट आहे. तरी पगार लिहिला जात नाही, म्हणजे अडचण जागेची नाही.

ही अडचण एक उदाहरण रचून बघू. समजा, तुमसर-मोहाडी रस्त्यावर एक राईस मिल आहे आणि तिथे बावीस माणसे कामाला आहेत. मालकाने अकाउंटंटसाठी मनाशी अठरा हजार ठरवले आहेत. त्याला विचारले तर तो म्हणेल, "आकडा छापला तर चांगली पोरं येत नाहीत." खरे कारण वेगळे असते. बारा वर्षांपासून बारदान्याचा, हमालीचा आणि दलालीचा हिशेब ठेवणारे मुनीमकाका साडेसोळा हजारांवर आहेत. अठरा हजार छापले की जाहिरात सगळ्यात आधी तेच वाचणार. पगार बाहेरच्या उमेदवारापासून लपवलेला नसतो, तो घरातल्या माणसापासून लपवलेला असतो.

म्हणून जाहिरात सुधारण्याची पहिली पायरी पगारपत्रकात आहे. काकांचा पगार आधी अठरावर न्यावा. महिन्याचे दीड हजार, म्हणजे वर्षाचे अठरा हजार आणि वर थोडा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा. हे महाग वाटत असेल तर ऐन डिसेंबरात अकाउंटंट सोडून गेल्यावर काय होते ते आठवावे. भरडाईचा तांदूळ गोदामाला गेला पण पोचपावत्या लागलेल्या नाहीत, बँकेला कॅश क्रेडिटसाठी दरमहा द्यायचे स्टॉक स्टेटमेंट राहिले, जीएसटीचे विवरणपत्र उशिरा गेले तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. काकांना वाढ न देता त्यांच्या डोळ्यांदेखत नव्याला जास्त देणे हा आणखी एक मार्ग पुष्कळ ठिकाणी चालतो. मग नव्याला काम शिकवायची वेळ आली की काकांना नेमके काही आठवत नाही.

आता आकडा. एकाच नोकरीचे तीन आकडे सांगता येतात आणि तिन्ही खरे असतात. आपल्या मिलमध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000 आणि इतर भत्ते 3,000, असे एकूण 18,000 धरू. वीस किंवा जास्त माणसे असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधी लागू आहे. पंधरा हजारांवर बारा टक्के, म्हणजे 1,800 कामगाराच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. राज्य विमा योजना लागू असेल तर कामगाराचे पाऊण टक्का, म्हणजे 135 रुपये, आणि मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे 585. शिवाय व्यवसायकर 200. पुरुष उमेदवाराच्या हातात 15,865 पडतात. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसायकर नाही, त्यामुळे बाईंच्या हातात 16,065 येतात. मालकाने आपला वाटाही जोडला तर हीच नोकरी 20,385 ची होते.

चतुर मालक वीस हजार छापतो. पहिल्या महिन्याला खात्यात पंधरा हजार आठशे आले की पोरगा घरी जाऊन सांगतो, "फसवलं." मालकाने एक रुपयाही खाल्लेला नसतो, पण विश्वास गेला तो गेलाच. तेव्हा जाहिरातीत एकूण पगार आणि हातात पडणारी रक्कम शेजारी शेजारी लिहावी, कपात कशाची तेही लिहावे, आणि मालकाचा वाटा वेगळ्या वाक्यात सांगावा. ते 1,800 कामगाराचेच आहेत, पण आज खर्चायचे नाहीत, इतके साधे सांगून भागते. "15 ते 25 हजार" असा लांबलचक पट्टा देऊन मोकळे होणाऱ्यांबद्दल एवढेच म्हणेन, की वाचणारा वरचा आकडा वाचतो आणि देणारा खालचा देतो. पट्टा द्यायचाच तर दोन-तीन हजारांच्या आतला द्यावा आणि वरचा आकडा कोणाला मिळेल ते सांगावे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून जाहिरातीत पगार लिहिणे कायद्यानेच सक्तीचे आहे, आणि युरोपीय संघाने 2023 मध्ये उमेदवाराला पगार आधी कळवण्याचा निर्देश काढला. आपल्याकडे खासगी मालकावर तशी सक्ती नाही. मात्र नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला लावले आहे. म्हणजे आकडा कधीतरी कागदावर येणारच. जाहिरातीतला आणि पत्रातला आकडा वेगळा निघाला तर ते दोन कागद शेजारी ठेवायला फार हुशारी लागत नाही.

कामाबद्दलची लपवाछपवी जास्त नुकसान करते, आणि ती बहुधा मुद्दाम नसते. मालकाला आपले काम इतके अंगवळणी पडलेले असते की "टॅलीचे ज्ञान आवश्यक" एवढ्यात सगळे आले असे त्याला वाटते. भंडाऱ्याच्या मिलमधला अकाउंटंट दिवसभर टॅलीसमोर बसत नाही. ट्रक आला की वजनकाट्याची पावती घ्यायची, ओलावा मोजला का ते बघायचे, कारण सरकारी खरेदीच्या धानात सतरा टक्क्यांवर ओलावा चालत नाही. शासनाचे धान भरडायला घेतले की शंभर क्विंटलमागे सदुसष्ट क्विंटल साधा तांदूळ परत द्यावा लागतो. उकडा असेल तर अडुसष्ट. धान किती उचलले, तांदूळ किती जमा झाला, पोत्यांचा मेळ बसतो का, हे वहीत रोजच्या रोज जुळवायचे असते. कनकी आणि कोंड्याची विक्री निराळी. पणन कार्यालयात आणि गोदामावर खेटे घालायचे तेही यालाच. कॉमर्सची पदवी घेऊन आलेल्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते. धुळीत उभे राहावे लागते म्हणून तो सोडत नाही, धुळीत उभे राहावे लागेल हे लपवले म्हणून सोडतो.

त्यातून हंगामाचा प्रश्न आहे. नवे धान येते दिवाळीनंतर, आणि गावोगावच्या मंडया भरतात त्याही भाऊबीजेपासून. रात्री झाडीपट्टीचे नाटक, घरी पाहुणे, बहीण-जावई आलेले, आणि मिलमध्ये नेमके तेव्हा सुटायला संध्याकाळचे आठ वाजतात. इथल्या माणसाला मंडईला सुट्टी नाही हे वाक्य पगार हजाराने कमी असण्यापेक्षा जास्त लागते. म्हणूनच ते जाहिरातीत हवे, आणि त्याच्या मोबदल्यात काय देणार तेही हवे: आपल्या गावच्या मंडईचा एक दिवस हक्काचा, आणि पावसाळ्यात मिल थंड असते तेव्हा सलग रजा.

वाईट बाजू आधी सांगितली तर माणूस टिकतो का, हे लोकांनी तपासून पाहिलेले आहे. जॉन वॅनस या अमेरिकी अभ्यासकाने 1973 मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत काही उमेदवारांना नेहमीची गुळगुळीत फिल्म दाखवली आणि काहींना कामाचा कंटाळा, देखरेख हे सगळे दाखवणारी. खरी फिल्म बघून नोकरी नाकारणाऱ्यांची रांग काही लागली नाही, आणि रुजू झालेल्यांच्या मनात सोडण्याचे विचार कमी आले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफक निघाला, चमत्कार नव्हे. पगारच कमी असेल तर खरेपणाने तो वाढत नाही.

"फक्त पुरुष" किंवा "अविवाहित" ही अट अशा जाहिरातींत हटकून येते. 1976 च्या समान वेतन कायद्यापासून एकाच कामाच्या भरतीत बाईला नुसते बाई म्हणून डावलता येत नाही. मालकाच्या मनात असते ते उशिराचे. मग उशिराचेच लिहावे: हंगामात सुटायला आठ वाजतात, तेव्हा शेवटची एसटी निघून गेलेली असेल तर मिलची गाडी मोहाडीपर्यंत सोडेल. ठरवू दे तिचे तिला.

प्रगतीच्या बाबतीत छोट्या आस्थापनेने मोठ्यांची नक्कल करू नये. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा सनफ्लॅग, गडेगावचा अशोक लेलँड यांच्याकडे हुद्द्यांची शिडी आहे. मिलमध्ये मॅनेजरची एकच खुर्ची असते आणि तिच्यावर मालकाचा मुलगा बसलेला असतो. हे उमेदवाराला माहीत असते, म्हणून "उत्तम संधी" वाचून तो हसतो. छोट्या ठिकाणी देता येण्याजोग्या गोष्टी दोनच: तारीख घातलेली वाढ आणि बाहेर खपणारे कौशल्य. एकट्याने पूर्ण हंगामाचा भरडाई हिशेब सांभाळलेला, बँकेचे स्टॉक स्टेटमेंट स्वतः करणारा माणूस गोंदियापासून नागपूरपर्यंत कुठल्याही मिलला हवा असतो. तो दोन-तीन वर्षांनी जाईल ही भीती मालकाला असते. जाईलही. पण पुढचे दोन हंगाम तो कामाला आला, याचा हिशेब मालकानेच करावा.

तर आपल्या मिलची जाहिरात अशी होईल:

"मोहाडीजवळच्या राईस मिलला अकाउंटंट पाहिजे. एकूण पगार 18,000. भविष्यनिर्वाह निधी, विमा व व्यवसायकर वजा जाता हातात सुमारे 15,900 (महिलांना सुमारे 16,100). निधीचे आणखी 1,800 मिल भरते. दिवाळीचा बोनस वेगळा. काम: टॅली, जीएसटी, शासकीय भरडाईचा धान-तांदळाचा मेळ, बारदाना, बँकेचे स्टॉक स्टेटमेंट. निम्मे काम ऑफिसात, निम्मे काट्यावर आणि गोदामावर, धूळ असते. वेळ 10 ते 6. नोव्हेंबर ते फेब्रुवारी 8 पर्यंत, जादा तासांचे दुप्पट दराने. हंगामात मंडईचा एक दिवस सोडून रजा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सलग दहा दिवस. एक वर्षाने 1,000 वाढ. पूर्ण हंगाम एकट्याने सांभाळल्यावर आणखी 1,500. मॅनेजरचे पद नाही. भरडाई माहीत नसली तरी चालेल, जुने मुनीम शिकवतील. स्त्री-पुरुष दोघेही अर्ज करू शकतात. नेमणूकपत्र पहिल्या दिवशी."

फोन कमी येतील. नागपूर फार लांब नाही, तिथे वीस हजार मिळवणारा यासाठी परतणार नाही, आणि त्याने फोन करू नये हाच हेतू आहे. ज्याचे घर वरठीला किंवा आंधळगावला आहे, ज्याला खोलीभाडे नि मेसचे पैसे वाचवायचे आहेत, तो मात्र ही जाहिरात घरात दोनदा वाचून दाखवेल. भेटीला येईल तेव्हा पगार किती हे विचारायची त्याला गरज नसेल. तो विचारेल, भरडाईचा मेळ कसा लावतात. त्याला मुनीमकाकांच्या शेजारी अर्धा दिवस बसवावे. टॅलीची परीक्षा त्यानंतर घेतली तरी चालते.

एक गोष्ट वेळेची राहिली. ही जाहिरात दिवाळीत काढू नये. कार्तिकात रुजू झालेला माणूस पहिल्याच दिवशी ट्रकांच्या रांगेसमोर उभा राहतो आणि काकांना मान वर करायला फुरसत नसते. ऑगस्टमध्ये मिल बंद असताना, जुन्या हंगामाच्या वह्या टेबलावर पडलेल्या असताना घेतले, तर दिवाळीपर्यंत तीन महिने मिळतात. त्या तीन महिन्यांचा पगार काम नसताना द्यावा लागतो. साडेसोळा हजारांतल्या काकांना अठरावर नेणाऱ्या मालकाला तोही देता येईल.