साखरपुड्याआधीचे पंधरा दिवस

दिवाळीचे कंदील उतरायच्या आत आमच्या कर्जत-खालापूरच्या बाजूला दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक भाताच्या कापणीची आणि दुसरी सोयरिकींची. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. म्हणून त्याआधी सुपारी फुटावी, साखरपुडा उरकावा आणि हॉलवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊन टाकावा, अशी वडीलधाऱ्यांची धांदल असते. या दोन घायांत मला एक फरक दिसतो. शेजाऱ्याने विळा उचलला म्हणून शेतकरी आपले भात कापीत नाही. तो लोंबीतला दाणा नखाने दाबून पाहतो. दूध निघाले तर थांबतो. सोयरिकीत मात्र दाणा कोणी दाबीत नाही. शेजारच्या शेतात कापणी चालू आहे, एवढेच कारण पुरते.

गेल्या वर्षी माझी एक भाची याच पेचात सापडली. वय चोवीस, खोपोलीहून लोकलने रोज कल्याणला नोकरीसाठी जाणारी. मुलगा नेरळकडचा, चांगल्या घरचा. दसऱ्याला पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून पसंती आली, आणि आठ दिवसांत साखरपुड्याचा मुहूर्तही निघाला. ती मला म्हणाली, “मामा, नाही म्हणावं असं काही दिसत नाही. पण हो म्हणताना जीभ अडखळते. मी तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गफलत दडलेली असते. ‘तयार असणे’ म्हणजे ‘खात्री असणे’ असे आपण धरून चालतो. पुढच्या चाळीस वर्षांची खात्री कोणाला असते? ती मागणारा माणूस जन्मभर उंबऱ्यावरच उभा राहील. साखरपुडा हे भविष्यकथन नव्हे, ते वचन आहे. जुना शब्दच ‘वाङ्निश्चय’ असा आहे. वचन देणाऱ्याला पुढे काय घडेल हे ठाऊक असावे लागत नाही. आपण कोणाला, कशाचे आणि कोणाच्या इच्छेने वचन देत आहोत, एवढे मात्र ठाऊक असावे लागते. मी तिला सांगितले, “पंधरा दिवस मागून घे, आणि या तीन गोष्टी तपास.”

पहिली गोष्ट, इच्छा कोणाची. मी तिला मनातल्या मनात एकेक दडपण बाजूला काढायला सांगितले. समज, हॉल ठरलेला नाही. समज, धाकट्या चुलतबहिणीचे लग्न अडलेले नाही. समज, आजीने ‘माझे डोळे मिटायच्या आत’ हे वाक्य उच्चारलेच नाही. आता हा मुलगा समोर उभा आहे. तू काय म्हणशील? भाचीने दोन दिवसांनी उत्तर दिले : “हो म्हणेन, पण आज नाही.” हे उत्तर मला मोलाचे वाटले. होकार तिचा होता. तारीख मात्र दुसऱ्यांची होती.

दुसरी गोष्ट, माणूस कोण. एका कागदावर दोन रकाने आखायचे. एकात ‘मी पाहिले’, दुसऱ्यात ‘मला सांगितले’. शांत स्वभाव, निर्व्यसनी, कष्टाळू, आईवडिलांना मानणारा. सारे दुसऱ्या रकान्यात गेले. पहिल्यात एकच ओळ : चहा आणणाऱ्या पोराला त्याने ‘अरे’ न म्हणता नावाने हाक मारली. वाचकांना हसू येईल, पण लग्नाचा निर्णय पुष्कळदा अशाच रिकाम्या रकान्यावर होतो. रकाना भरायचा तर भेटायला हवे, आणि नुसती आवडनिवड न विचारता ज्याचे उत्तर नाहीही असू शकते असे काही विचारायला हवे.

घरच्यांना सांगून ती दोघे दोनदा भेटली. तिने विचारले, कर्ज किती आहे? घराचे कर्ज होते. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा हप्त्यात जात होता. हे मध्यस्थाने सांगितले नव्हते. मुलाने मात्र न अडखळता सांगितले आणि बँकेचे पासबुक पुढे ठेवले. मग तिने आपली अट मांडली : धाकट्या भावाचे शिक्षण संपेपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षे, पगारातला काही भाग आईला देईन. तो गप्प झाला. “मला विचार करायला वेळ दे,” म्हणाला. चार दिवसांनी त्याने होकार कळवला आणि जोडीला हेही, की आईला हे पटलेले नाही, पण तिच्याशी मी बोलेन. तू बोलायचे नाहीस.

त्या चार दिवसांत भाची कासावीस झाली होती. मला मात्र ते चार दिवस आवडले. तत्काळ ‘हो, हो’ म्हणणारा कदाचित फक्त लग्न पदरात पाडून घेत असतो. जो थांबतो, तो दिलेला शब्द पेलण्याचा हिशेब करतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण : मुदत मागितल्यावर काय होते. तिने साखरपुडा पौष संपल्यावर, माघात करू असे सुचवले. मुलाचे काका रागावले. आमच्याकडच्या दोन आत्यांनीही तोंडे वाकडी केली. मुलगा म्हणाला, “चालेल. तुझ्या मनातलं मला कळलं, हे बरं झालं.” याच परीक्षेत एक दुसरे स्थळ मोडलेले मी पाहिले आहे. तिथे महिनाभराची मुदत मागताच मुलाने आठ दिवस अबोला धरला आणि नंतर ‘तुझ्यासाठी दुसरी स्थळे सोडली’ असा हिशेब मांडला. नकार ऐकण्याची रीत लग्नाआधी जशी असते, तशीच बहुधा नंतर राहते. ‘लग्न झाल्यावर सुधारेल’ या आशेवर दिलेला शब्द समोरच्या माणसाला दिलेला नसतो. तो आपल्या कल्पनेतल्या माणसाला दिलेला असतो.

भीतीचे काय? ती राहतेच. पण नाव असलेली भीती आणि निनावी भीती यांत भेद करावा. ‘सासूशी जमेल का’, ‘लोकलचा प्रवास वाढेल का’ या भीतींना प्रश्न विचारता येतात आणि त्या लहान होतात. सगळी उत्तरे मिळाल्यावरही जी तशीच बसून राहते, तिला ‘मुलींना असं वाटतंच’ म्हणून हुसकावू नये. तेव्हा दाण्यात अजून दूध आहे असे समजावे.

दडपणाचे रूप आता पालटले आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, तेव्हा 1887 साली न्यायालयाने ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा निकाल दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. आज साखरपुडा झाला म्हणून लग्न करायला कोणतेही न्यायालय भाग पाडीत नाही. खर्चाचा वाद फार तर होईल. आज भाग पाडतात ती आपलीच माणसे, आणि तीही पेढा भरवून. म्हणून नाही म्हणणे कठीण जाते. पण मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा गावात एक हंगाम टिकते. न विचारलेला प्रश्न मात्र घरात जन्मभर राहतो.

माघात साखरपुडा झाला. भाचीचा तो कागद मी पुन्हा पाहिला, तेव्हा ‘मी पाहिले’ या रकान्यात सहा ओळी होत्या, आणि त्यांतली एक तक्रारीची होती : “फार वेळ गप्प बसतो.” दोष ठाऊक असूनही तिने हो म्हटले. मला तिची तयारी त्या एका ओळीत दिसली.