पहिला नंबर, पण कोणत्या शोधात?

‘तुमचे दुकान गूगलवर पहिल्या नंबरवर आणून देतो’ असे सांगणारे फोन आता तालुक्याच्या गावातल्या दुकानदारालाही येतात. पैसे किती, किती महिन्यांत, एवढीच चर्चा मग होते. पहिला नंबर कोणत्या शोधात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. दुकानाला स्वतःचा असा नंबर नसतोच. कोणीतरी, कुठेतरी उभा राहून, काही शब्द टाइप करतो, आणि त्या क्षणापुरता क्रम लागतो. शब्द बदलले किंवा माणूस दहा किलोमीटर पुढे गेला, की तोच क्रम बदलतो. म्हणून दुकानदाराने नंबरामागे न लागता, आपले गिऱ्हाईक नेमके काय शोधते हे आधी ठरवावे, असे माझे म्हणणे आहे. त्याची कारणे क्रम लावण्याच्या पद्धतीतच आहेत.

समजा, तासगावात मोटर रिवाइंडिंगचे एक दुकान आहे. पाटीवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स’. द्राक्षबागांचा पट्टा, त्यामुळे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी, आणि काम जळालेल्या पाणबुडी मोटरी भरून देण्याचे. दुकानाच्या वेबसाइटवर एकच पान आहे: ‘उत्तम सेवा, वाजवी दर, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. खाली व्हिजिटिंग कार्डाचा फोटो. आता मणेराजुरीचा एखादा शेतकरी ‘पाणबुडी मोटर भरणे’ असे शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी जगभरची पाने वाचत बसत नाही. त्याच्या संगणकांनी ती आधीच वाचून कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची भलीमोठी सूची करून ठेवलेली असते, आणि शोध त्या सूचीत होतो. आपल्या दुकानाच्या पानावर ‘मोटर’ हा शब्दच नाही. फोटोतल्या कार्डावर तो असेलही, पण चित्रातला मजकूर यंत्र नीट वाचेलच, या भरवशावर राहू नये.

बरे, जे शब्द पानावर आहेत त्यांचे वजन किती? केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली एक साधी गोष्ट मांडली. जो शब्द फार थोड्या मजकुरांत येतो तो शोधाच्या कामी जास्त उपयोगी. जो सगळीकडे येतो तो जवळजवळ निरुपयोगी. आजच्या शोधयंत्रांनी त्यावर पुष्कळ मजले चढवले. समानार्थी शब्द ओळखणे, वाक्याचा रोख समजून घेणे, हे सगळे ती करतात. पण पाया तोच राहिला. ‘उत्तम सेवा’ हे लाखो पानांवर आहे, म्हणून ते आपल्या दुकानाविषयी काहीच सांगत नाही. ‘साडेसात एचपीपर्यंतच्या पाणबुडी आणि मोनोब्लॉक मोटरी भरून मिळतील, बोअरमधून मोटर काढण्यासाठी माणसे येतील’ हे वाक्य मोजक्याच पानांवर सापडेल, आणि ज्याची मोटर जळाली आहे तो नेमके तेच शोधतो. एकजण ‘रिवाइंडिंग’ म्हणतो, दुसरा ‘वायंडिंग’, तिसरा ‘मोटर भरणे’; कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत. हे सगळे शब्द सरळ वाक्यांत, जिथे शोभतील तिथे यावेत. तेच शब्द पन्नासदा खाली कोंबण्याने मात्र काही साधत नाही, उलट पान संशयास्पद ठरते. पानाच्या आत लपवून ठेवायच्या ‘कीवर्ड’च्या यादीलाही आपण क्रम लावताना विचारात घेत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले होते. ती यादी भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात, ही गोष्ट निराळी.

शब्द जुळणारी दुकाने अनेक निघाली तर? जवळपासच्या दुकानांसाठी गूगल स्वतः तीन निकष सांगते: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. पण दुकानदाराची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. तो स्वतःच्या गल्ल्यावर बसून शोधतो, अंतर शून्य, आणि दुकान वर दिसते. ब्राउझरची खासगी खिडकी उघडली म्हणून ठिकाण लपत नाही. मणेराजुरीच्या शेतकऱ्याला काय दिसते ते कळायचे तर त्याच्याच फोनवर पाहावे लागेल. ख्यातीचा पाया लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे: ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, आणि तीही वजनदार पाने असतील, ते पान महत्त्वाचे. त्यावर दुकानांच्या बाबतीत अभिप्रायांची संख्या आणि तारे यांची भर पडते. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रांच्या यादीत दुकानाचा दुवा असणे हे विकत घेतलेल्या शेकडो दुव्यांहून मोलाचे. तसले विकतचे दुवे पकडण्यासाठी गूगलने 2012 मध्ये आपल्या पद्धतीत मोठा बदल केला, आणि त्यात अनेक साइट खाली गेल्या.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हे सगळे पुस्तकी झाले. वर दिसतो तो पैसे देणारा. यात अर्धे खरे आहे. जाहिराती वर येतात, तशी खूणही त्यांच्यावर असते, आणि लहान पडद्यावर त्या बरीच जागा खातात. खालचा क्रम मात्र विकाऊ नाही, असे गूगल म्हणते. त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असेही नाही: विमानप्रवासाच्या शोधात स्वतःच्याच सेवेला ठळक जागा दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये त्याला सुमारे 136 कोटींचा दंड ठोठावला. पण तो वाद ज्या बाजारांत गूगलचा स्वतःचा धंदा आहे तिथला. तासगावात मोटर भरण्याचा धंदा गूगल करत नाही, आणि अ‍ॅमेझॉनलाही बोअरमधून मोटर काढता येत नाही. नवा पंप विकणाऱ्याची स्थिती वेगळी. ‘पाच एचपी पंप किंमत’ या शोधात लहान दुकान मोठ्या साइटांपुढे टिकणार नाही, आणि त्यावर खर्च करणे हे माझ्या मते पैसे पाण्यात घालणे आहे.

दुसरा आक्षेप चतुर दुकानदाराचा: मग गूगलच्या नकाशावर नावच ‘तासगाव बेस्ट मोटर रिवाइंडिंग’ का ठेवू नये? काही दिवस त्याचा लाभ होतोही. पण नाव पाटीवरचेच असावे असा नियम आहे, शेजारचा स्पर्धक तक्रार करू शकतो, आणि नोंद स्थगित झाली तर अभिप्रायांसकट सगळे दिसेनासे होते, तेही बहुधा ऐन उन्हाळ्यात. नावाने जे सांगता येत नाही ते नोंदीतल्या मुख्य वर्गवारीने सांगता येते. ती नुसती ‘दुकान’ अशी सोडण्याऐवजी मोटर दुरुस्तीच्या जवळात जवळची निवडावी.

एवढे करूनही पान कुठेच दिसत नसेल, तर दोष क्रमात नसतो; ते सूचीतच नसते. गूगलमध्ये `site:` लिहून त्यापुढे जागा न सोडता आपल्या साइटचा पत्ता टाकावा. काहीच आले नाही, तर साइट करणाऱ्याला पानाच्या कोडमध्ये ही ओळ राहिली आहे का, ते पाहायला सांगावे:

```
<meta name="robots" content="noindex">
```

साइट तयार होत असताना ती मुद्दाम घालतात आणि नंतर काढायची विसरतात. वर्डप्रेसमध्ये तर एका चौकटीतली बरोबरची खूण तेवढी काढावी लागते. पुढचे काम महिन्यातून एकदाचे. गूगलच्या दुकान-नोंदीत, लोकांनी कोणते शब्द शोधले तेव्हा हे दुकान दिसले, याची यादी फुकट मिळते. सर्च कन्सोल हेच वेबसाइटपुरते सांगते. त्या यादीत ‘स्टार्टर दुरुस्ती’ वारंवार येत असेल आणि दुकानात ते काम होत असूनही पानावर त्याचा उल्लेख नसेल, तर पुढचा परिच्छेद कशावर लिहायचा ते ठरले.