आभाराच्या मेलमधली एक ओळ

दुपारी चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागाच्या साहेबांशी ब्रॅकेटच्या कामाबद्दल बोलणं झालं. आता आभाराचा मेल लिहायला बसलो आहे. तो त्याच दिवशी गेलेला बरा. उद्यापर्यंत दोघांच्याही आठवणी आपापल्या सोयीच्या होतात. चार-पाच ओळी पुरतात: आभार, मुख्य मुद्दे आणि पुढे कोणी काय पाठवायचं.

आभारांची ओळ सोपी गेली, कारण ती खरी आहे. त्यांनी मला लाइनवर नेऊन नापास झालेले नग दाखवले, वेल्डिंगनंतर भोकांमधलं अंतर कसं सरकतं ते समजावलं. तेवढंच लिहिलं. 'आपला अमूल्य वेळ' खोडला.

अडलो ते पैशांपाशी. ते म्हणाले होते, "आमच्याकडे साठ दिवसांची पद्धत आहे, पण तुमच्यासाठी बघतो." मी मसुद्यात लिहिलं, 'ठरल्याप्रमाणे ४५ दिवसांत पेमेंट.' लिहिताना हात जरासुद्धा थबकला नाही. वाचताना खटकलं, तर मनानं लगेच वकील उभा केला: माझा कारखाना लघुउद्योग म्हणून नोंदलेला आहे, आणि २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मग चुकलं कुठे? कायदा माझ्या बाजूनं आहे, हे खरंच. पण साहेब तसं बोलले नव्हते. माझा हक्क मी त्यांच्या तोंडी घालत होतो, तोही आभारांच्या आडून, घाईत वाचून ते 'ओके' कळवतील या हिशेबानं. बैठकीत नसलेल्या त्यांच्या वरिष्ठांना सीसीमध्ये का घेतलं होतं, तेही मग माझं मला कळलं. ते नाव काढलं.

मुद्दे निवडतानाही मी सोयीचं तेवढंच उचललं होतं. लेझर कटिंग आमच्याकडेच होतं, हे दोनदा आलं. प्लेटिंग बाहेरून करून घेतो, म्हणून नमुन्यांना सात नव्हे, दहा दिवस लागतील, हे मी स्वतः बोललो होतो. ते मात्र कुठेच नव्हतं.

आता मजकूर असा आहे: 'लाइन दाखवल्याबद्दल आभार. वेल्डिंगनंतर भोकांचं अंतर टिकावं म्हणून आम्ही फिक्स्चरमध्ये धरूनच वेल्ड करू आणि प्रत्येक नमुन्याचा मोजमाप अहवाल देऊ. प्लेटिंग बाहेर होत असल्यानं ड्रॉइंग मिळाल्यापासून दहा दिवस लागतील. पेमेंटची मुदत अजून ठरलेली नाही. लघुउद्योग म्हणून आमची विनंती कायद्यातल्या ४५ दिवसांची आहे. माझ्याकडून काही चुकीचं नोंदलं गेलं असेल तर कळवावं.'

पेमेंटची ओळ जरा कोरडी झाली आहे. तरी ती राहू देतो. काढली तर साठ दिवस मला मान्य आहेत, असंच ते धरून चालतील.