पाचाच्या अलीकडचा चार

वही उघडा आणि पेन्सिल हाताशी ठेवा. आज एकच गणित करायचं आहे. उत्तराची घाई नको. प्रत्येक पायरीवर थोडं थांबू आणि मगच पुढे जाऊ.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. त्यांतली एक इंडक्शन भट्टी मनात धरा. भट्टीला लागणारी वेगळ्या फ्रिक्वेन्सीची वीज तयार करताना आधी रेक्टिफायर येतो. तो सहा पल्सचा असेल, तर ५० हर्ट्झसोबत त्याच्या पाचपट आणि सातपट, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झचा करंटही बसबारवर ढकलतो. त्यातला पाचवा हार्मोनिक सर्वांत मोठा. त्याला वाट करून द्यायला बसबारवर एक इन्डक्टर आणि एक कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून फिल्टर लावतात.

आता भट्टीच्या जागी उभं राहून बसबारकडे बघा. समोर किती इम्पीडन्स दिसतो? रेझिस्टन्स तूर्त सोडून द्या, ५० हर्ट्झला १ म्हणा, आणि आकडे सोपे घ्या:

Z(s) = s(s² + 25) / (s² + 16)

हे लिहून थांबा. अंश कुठे शून्य होतो? ० वर आणि ५ वर. छेद कुठे शून्य होतो? ४ वर. म्हणजे २५० हर्ट्झच्या करंटला बसबारवर अडथळाच नाही, फिल्टर काम करतोय. पण २०० हर्ट्झला इम्पीडन्स अनंत आहे. हा ४ कोणी मागितला होता? कोणीच नाही. तो मनात राहू द्या, त्याच्याकडे परत यायचंच आहे.

पहिली पायरी. Z उलटा करा, म्हणजे अॅडमिटन्स मिळेल, आणि त्याचे आंशिक अपूर्णांक पाडा. छेदात s आणि (s² + 25) आहेत, म्हणून दोन तुकडे पडतील. पहिल्याचा वरचा आकडा हवा, तर s ने गुणून s = 0 ठेवा: १६/२५. दुसऱ्यासाठी (s² + 25) ने गुणा, s ने भागा आणि s² = −25 ठेवा: −९ भागिले −२५, म्हणजे ९/२५.

Y(s) = (16/25)/s + (9/25)s/(s² + 25)

दोन्ही आकडे धन आले. आता प्रत्येक तुकडा नीट बघा. पहिला तुकडा म्हणजे एकटा इन्डक्टर, २५/१६ चा. हा ग्रिड आणि ट्रान्सफॉर्मरचा इन्डक्टन्स. दुसरा तुकडा म्हणजे सिरीज जोडी: इन्डक्टर २५/९, कपॅसिटर ९/६२५. हा आपला फिल्टर. अॅडमिटन्सची बेरीज म्हणजे पॅरलल जोडणी. तेव्हा कागदावरच्या दोन पदांनी कारखान्यातल्या दोन खऱ्या वस्तू वेगळ्या काढून दाखवल्या.

दुसरी पायरी, शिडीची. आता Z उलटा करू नका. s फार मोठा झाला की Z हा s सारखाच वागतो, म्हणून एक s बाजूला काढा. हा १ चा इन्डक्टर शिडीच्या आडव्या दांडीत बसला. उरलं किती?

Z − s = 9s / (s² + 16)

हा उरलेला भाग उलटा करा: s/9 + 16/(9s). म्हणजे खाली उतरणाऱ्या फांदीत १/९ चा कपॅसिटर, आणि त्याच्या पुढे शेवटचा ९/१६ चा इन्डक्टर. शिडी संपली. शिडीची रीत एवढीच: आंशिक अपूर्णांकातलं एकच पद काढायचं, उरलेलं उलटं करायचं, पुन्हा एक पद काढायचं. इथे तीनच घटक असल्यामुळे ती लगेच आटोपली. सातव्या हार्मोनिकचाही फिल्टर लावला तर घटक पाच होतात. तिथे आंशिक अपूर्णांक सगळी पदं एकदम मांडतात, आणि शिडी एकेक पायरी उतरत जाते.

बरोबर आलं की नाही, हे दोन टोकांना तपासा. फ्रिक्वेन्सी अगदी कमी असताना कपॅसिटर तुटल्यासारखा वागतो. पहिल्या आकृतीत मग २५/१६ उरतो, आणि शिडीत १ + ९/१६, तेही २५/१६. फ्रिक्वेन्सी फार वाढली की कपॅसिटर शॉर्टसारखा वागतो. शिडीत १ उरतो. पहिल्या आकृतीत २५/१६ आणि २५/९ पॅरलल आहेत, करून बघा, १ च येतो.

आता त्या ४ कडे परत या. समजा, तो नको म्हणून ५ च्या पलीकडे ढकलायचा, म्हणजे शून्य ४ वर आणि पोल ५ वर. पहिला s काढा: s(s² + 16)/(s² + 25) − s = −9s/(s² + 25). ऋण आला. ऋण कपॅसिटर आणि ऋण इन्डक्टर लागतील, आणि असे नुसते घटक कुठे मिळत नाहीत. कागदावर ऋण आकडा दिसला, की आधी आपली बेरीज-वजाबाकी तपासायची. ती बरोबर असेल, तर शून्य आणि पोल एकाआड एक नाहीत, असं समजायचं.

हे असं का होतं, यावर जरा रेंगाळा. नुसत्या इन्डक्टर-कपॅसिटरच्या जाळ्याचा रिअॅक्टन्स फ्रिक्वेन्सी वाढवताना सतत चढतच जातो. ० ला शून्य होता, तिथून चढू लागला. चढत राहून पुन्हा शून्यावर यायचं, तर मध्ये एकदा धन अनंतात जाऊन ऋण अनंतातून वर आलंच पाहिजे. ती उडी म्हणजे पोल. रोनाल्ड फॉस्टरने हे १९२४ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये मांडलं. शिडीची रीत विल्हेल्म काउअरने १९२६ मध्ये दिली. म्हणून ५ वर वाट केली, की ५ च्या अलीकडे कुठेतरी भिंत उभी राहणारच. डिझायनर चुकला म्हणून ती येत नाही.

तर मग काळजी एवढीच, की ती भिंत नेमकी पाचव्या हार्मोनिकवर येऊ नये. पोलची जागा ठरते दोन्ही इन्डक्टर आणि कपॅसिटर मिळून: (२५/१६ + २५/९) × ९/६२५ = १/१६, म्हणून ४. आता कपॅसिटर जुना झाला, त्यातल्या काही सेल गेल्या, आणि तो मूळच्या ०.६४ इतका उरला असं धरा. १/१६ चा १/२५ होतो. पोल बरोबर ५ वर. शून्य सरकून ६.२५ वर गेलं. ज्या फिल्टरने २५० हर्ट्झ शोषायचा, तोच आता ग्रिडच्या साथीने तो वाढवतो. खऱ्या बसबारवर रेझिस्टन्स असतो, त्यामुळे अनंत काही होत नाही; पण व्होल्टेजमध्ये पाचवा हार्मोनिक फुगतो आणि कपॅसिटर तापतात. फिल्टर ५ च्या थोडा खाली ट्यून करतात, त्यामागे हेही एक कारण आहे: कपॅसिटर थोडा घटला, तरी शून्य ५ च्या जवळच राहतं.

शेवटी दोन आकृत्या शेजारी ठेवा. बसबारवरून त्या ओळखू येत नाहीत, दोन्हींचा Z एकच. पण दुसरा ट्रान्सफॉर्मर पॅरललमध्ये चालू करा. आंशिक अपूर्णांकांच्या आकृतीत फक्त २५/१६ बदलतो. शिडीत मात्र तिन्ही घटकांचे आकडे बदलतात, कारण शिडीतला कोणताही घटक म्हणजे कारखान्यातली एखादी वस्तू नव्हे. बांधायचंच असेल तर शिडीही चालेल. पण भट्टीवर बिघाड शोधायचा असेल, तर वस्तू जशा उभ्या आहेत तशी आकृती हवी, आणि इथे ती अॅडमिटन्सच्या आंशिक अपूर्णांकांतून मिळाली.